अडकलेल्या आयकर परताव्यासाठी विभागाला पत्र: मसुद्यापासून आवक शिक्क्यापर्यंत

परतावा वेळेत मिळाला नाही म्हणून आयकर विभागाला लिहिलेली पुष्कळ पत्रे उत्तराविना पडून राहतात. अधिकाऱ्याला त्या पत्रातून नेमके कोणते विवरणपत्र उघडायचे आणि त्यात काय दुरुस्त करायचे हे कळत नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे. करनिर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या आर्थिक वर्षाच्या पुढचे वर्ष, चुकलेले असते, पोच क्रमांकाच्या जागी दुसराच क्रमांक असतो आणि मागणी तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी दडलेली असते. हा लेख अशा पत्राचा मसुदा सुधारून दाखल करण्यायोग्य कसा करायचा याबद्दल आहे. उदाहरण म्हणून एकच प्रकरण शेवटपर्यंत घेतले आहे. जुन्या वर्षाच्या थकीत मागणीमुळे नव्या वर्षाचा परतावा अडकला, तर पुण्यातील आपल्या आयकर वॉर्डाच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्राने काम खरोखर पुढे सरकते, म्हणून हेच प्रकरण निवडले.

प्रकरण असे आहे. एरंडवण्यातील एका निवृत्त ग्रंथपालांनी करनिर्धारण वर्ष २०२४-२५ चे विवरणपत्र १८ जुलै २०२४ रोजी भरले आणि त्याच दिवशी आधारच्या ओटीपीने पडताळले. बँकेने मुदत ठेवींच्या व्याजावर कापलेल्या करापैकी ३४,६२० रुपये परत मिळायचे होते. परताव्याऐवजी ९ ऑक्टोबर २०२४ रोजी कलम २४५ खालची सूचना आली, की करनिर्धारण वर्ष २०२१-२२ ची ४१,३०० रुपयांची मागणी थकीत असून परतावा तिच्यात वळता करण्याचा प्रस्ताव आहे. वास्तविक तो कर त्यांनी २८ डिसेंबर २०२१ रोजी भरला होता, मात्र चलनावर करनिर्धारण वर्ष २०२०-२१ निवडले गेले होते. उत्पन्न आर्थिक वर्ष २०२०-२१ चे असल्यामुळे हाच आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पैसे सरकारजमा झाले, पण एक वर्ष आधीच्या खात्यावर.

## टप्पा १: पत्र लिहिण्याआधी अडथळा कोठे आहे ते पाहा

ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून `e-File` खालील `Income Tax Returns` मधून `View Filed Returns` उघडावे आणि संबंधित वर्षाच्या विवरणपत्राची स्थिती वाचावी. पत्र कोणाला लिहायचे हे या स्थितीवर ठरते.

विवरणपत्राची पडताळणीच राहिली असेल तर पत्राचा काही उपयोग नाही, कारण विभागाच्या दृष्टीने ते विवरणपत्र अजून दाखल झालेले नाही. पडताळणीसाठी भरल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. परतावा मंजूर होऊन बँकेत जमा होताना परत फिरला असेल, तर आधी `My Bank Account` मध्ये खाते प्रमाणित करून घ्यावे आणि मग `Refund Reissue` ची विनंती करावी. शाखेचा आयएफएससी बदलला असेल किंवा बँकेतील नाव पॅनवरील नावाशी जुळत नसेल, तर हेच घडते. विवरणपत्रावर प्रक्रियाच सुरू असेल, तर विषय बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राचा आहे आणि तेथे पोर्टलवरील तक्रारच योग्य. विवरणपत्रावरील प्रक्रियेचा निकाल कळवणारी कलम १४३(१) ची सूचना पाठवायला, विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरले ते संपल्यापासून नऊ महिन्यांची मुदत विभागाला असते, हेही ध्यानात ठेवावे. जुलै २०२४ मध्ये भरलेल्या विवरणपत्रासाठी ती ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपत होती. त्याआधी "मुदत उलटली" असे लिहिले, तर पत्रातील पहिलेच विधान चुकीचे ठरते.

थकीत मागणी ज्या अधिकाऱ्याच्या नोंदीवर आहे, तो आपल्या वॉर्डाचा असेल, तेव्हा मात्र कागदावरचे पत्र हवे. आपल्या प्रकरणात हीच स्थिती आहे.

इशारा: कलम २४५ च्या सूचनेला २१ दिवसांत पोर्टलवर उत्तर द्यावे लागते. पत्र त्या उत्तराची जागा घेत नाही. `Pending Actions` मधील `Response to Outstanding Demand` येथे मागणी अमान्य असल्याचे नोंदवून चलनाचा तपशील द्यावा आणि त्या उत्तराचा व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. ग्रंथपालांनी हे उत्तर २५ ऑक्टोबरला दिले होते, म्हणून त्यांच्या पत्राला आधार मिळाला. मुदत उलटून परतावा आधीच वळता झाला असेल, तर पत्रातील विनंतीही बदलते. तेव्हा "परतावा मुक्त करावा" न म्हणता "चुकीचे समायोजन दुरुस्त करून रक्कम परत करावी" असे लिहावे लागते.

## टप्पा २: कागद समोर ठेवा, मगच लेखणी उचला

आठवणीतून एकही तारीख लिहू नये. दोन्ही वर्षांच्या विवरणपत्रांच्या पोचपावत्या, २०२१-२२ ची कलम १४३(१) ची सूचना, कलम २४५ ची सूचना, तिला दिलेल्या उत्तराची पोच, कर भरल्याचे चलन आणि आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराची विभागाकडील नोंद दाखवणारा फॉर्म २६एएस एवढे कागद पुरतात.

फॉर्म २६एएस दोन वर्षांचा काढावा. ही पायरी बहुतेकांकडून सुटते. २०२१-२२ च्या फॉर्ममध्ये चलन दिसणार नाही आणि २०२०-२१ च्या फॉर्ममध्ये ४१,३०० रुपये स्वयंनिर्धारण कर म्हणून, म्हणजे विवरणपत्रासाठी स्वतः हिशेब करून भरलेला कर म्हणून दिसतील. अधिकाऱ्याला पटवणारा पुरावा हाच आहे, कारण तो विभागाच्याच नोंदीतून आलेला असतो. यात आणखी एक खूण सापडते. मागणीची मूळ रक्कम आणि चलनाची रक्कम रुपयापर्यंत सारखी असेल, तर मागणी त्या चलनाची जमा न मिळाल्यानेच निर्माण झाली हे जवळजवळ निश्चित होते. मागणीवर नंतर चढलेले व्याज वेगळे दाखवलेले असू शकते, म्हणून तुलना मूळ रकमेशी करावी.

तपासणी: २०२०-२१ चे स्वतःचे विवरणपत्र उघडून पाहावे. त्यात हेच ४१,३०० रुपये भरलेला कर म्हणून दाखवलेले नाहीत ना? दाखवले असतील, तर त्याच पैशाची जमा दोनदा मागितल्यासारखे होते आणि पत्र पाठवण्याआधी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा लागतो.

## टप्पा ३: संदर्भाचा तक्ता आधी तयार करा

पत्राचा मजकूर लिहिण्याआधी पत्राच्या डोक्यावर येणारा संदर्भ तयार करावा. नावे ठेवण्यासारखी चूक होते ती येथेच, म्हणून या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

पहिली बाब वर्षाची. ज्या आर्थिक वर्षात उत्पन्न मिळाले, त्याच्या पुढचे वर्ष हे करनिर्धारण वर्ष. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या काळातील उत्पन्नाचे करनिर्धारण वर्ष २०२४-२५ आहे. पत्रात केवळ "२०२३-२४ चा परतावा" असे लिहिले, की कार्यालयातील माणूस करनिर्धारण वर्ष २०२३-२४ ची नोंद उघडतो, त्याला तेथे काहीही प्रलंबित दिसत नाही आणि पत्र बाजूला पडते. म्हणून संपूर्ण पत्रात प्रत्येक वेळी "करनिर्धारण वर्ष" हे दोन्ही शब्द लिहून मगच आकडा द्यावा. आर्थिक वर्षाचा उल्लेख शक्यतो टाळावा. चलनातील चूक समजावून सांगताना तो करावाच लागला, तर एकदाच आणि स्पष्ट शब्दांत करावा. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर कायदा, २०२५ मध्ये "कर वर्ष" ही संकल्पना आली आहे, पण त्यापूर्वीच्या वर्षांच्या पत्रव्यवहारात १९६१ च्या कायद्यातील करनिर्धारण वर्ष आणि जुनेच कलम क्रमांक लिहावेत.

दुसरी बाब पोच क्रमांकाची. विवरणपत्राचा पोच क्रमांक १५ अंकी असतो आणि तो पोचपावतीवर वरच्या बाजूला छापलेला असतो. पडताळणीचा व्यवहार क्रमांक, तक्रारीचा क्रमांक, सूचनेवरील दस्तऐवज ओळख क्रमांक आणि चलनाचा क्रमांक हे सगळे वेगळे असतात. लोक मोबाइलवर आलेल्या शेवटच्या संदेशातला क्रमांक उचलून "पोच क्रमांक" म्हणून लिहितात, आणि तो बहुधा दुसराच असतो. अंक मोजून पाहावेत. सुधारित विवरणपत्र भरले असेल, तर ज्या विवरणपत्रावर प्रक्रिया झाली त्याचा पोच क्रमांक द्यावा आणि मूळ विवरणपत्राचा क्रमांक फक्त संदर्भापुरता ठेवावा. पोच क्रमांकाशेजारी भरल्याची तारीख आणि पडताळणीची तारीख अशा दोन्ही लिहाव्यात, कारण त्या नेहमी एकच नसतात.

तिसरी बाब चलनाची. चलनाची ओळख तीन गोष्टी मिळून होते: बँकेच्या शाखेचा ७ अंकी बीएसआर कोड, पैसे भरल्याची तारीख आणि ५ अंकी चलन अनुक्रमांक. यांपैकी एक जरी राहिली, तरी अधिकाऱ्याला चलन शोधता येत नाही.

पत्र मराठीत लिहायला हरकत नाही. गाऱ्हाणे मांडणारे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिलेला आहे. तरी पॅन, पोच क्रमांक आणि चलनाचे क्रमांक पोर्टलवर दिसतात तसेच, इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत लिहावेत. कार्यालयात ते संगणकावर जसेच्या तसे भरायचे असतात आणि मराठी ५ व ६ मध्ये होणारा गोंधळ १५ अंकी क्रमांकात परवडत नाही.

## टप्पा ४: मजकूर घासून घ्या

ग्रंथपालांचा पहिला मसुदा असा सुरू होत होता:

> "मी गेली ३१ वर्षे प्रामाणिकपणे कर भरत आलो असून सन २०२३-२४ च्या रिफंडसाठी मला विनाकारण त्रास होत आहे. माझी कोणतीही चूक नसताना जुनी थकबाकी दाखवण्यात आली आहे. वारंवार चौकशी करूनही दाद मिळत नाही. तरी माझे पैसे बँकेच्या व्याजासह त्वरित मिळावेत."

यातील भावना खरी आहे आणि तिच्याबद्दल कोणालाही सहानुभूती वाटेल, पण या मजकुरावरून अधिकाऱ्याला एकही नोंद उघडता येत नाही. वर्ष चुकले आहे. "कोणतीही चूक नसताना" हे विधान चलनातील चुकीमुळे टिकत नाही, आणि ती चूक स्वतःच सरळ सांगितली तर पत्राचे वजन वाढते. "वारंवार चौकशी" केव्हा आणि कोठे केली याचा पत्ता नाही. "बँकेचे व्याज" कायद्यात कोठेही नाही.

सुधारताना क्रम असा ठेवावा: प्रथम काय घडले, मग ते कशामुळे घडले, मग पुरावा कोणता आणि शेवटी अधिकाऱ्याने काय करावे. एका परिच्छेदात एकच वर्ष असावे. दोन वर्षांची माहिती एकाच वाक्यात गुंफली, की वाचणारा चुकीच्या वर्षावर बोट ठेवतो. विशेषणे काढून टाकावीत आणि त्यांच्या जागी तारखा घालाव्यात. सुधारून झालेले पत्र असे:

> प्रति,
> मा. आयकर अधिकारी,
> वॉर्ड [क्रमांक], पुणे
>
> विषय: करनिर्धारण वर्ष २०२१-२२ च्या चलनातील वर्षाची दुरुस्ती करून मागणी रद्द करणे व करनिर्धारण वर्ष २०२४-२५ चा प्रलंबित परतावा मुक्त करणे.
>
> पॅन: [क्रमांक]
> परताव्याचे वर्ष: करनिर्धारण वर्ष २०२४-२५, पोच क्रमांक [१५ अंकी], भरल्याची व पडताळणीची तारीख १८ जुलै २०२४, परतावा ३४,६२० रुपये
> मागणीचे वर्ष: करनिर्धारण वर्ष २०२१-२२, पोच क्रमांक [१५ अंकी], भरल्याची तारीख २८ डिसेंबर २०२१, मागणी ४१,३०० रुपये
> चलन: बीएसआर कोड [७ अंकी], दिनांक २८ डिसेंबर २०२१, अनुक्रमांक [५ अंकी], ४१,३०० रुपये
>
> महोदय,
>
> १. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ चा माझा परतावा करनिर्धारण वर्ष २०२१-२२ च्या मागणीत वळता करण्याची कलम २४५ खालील सूचना मला दि. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाली. मागणी अमान्य असल्याचे उत्तर मी दि. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोर्टलवर दिले असून त्याचा व्यवहार क्रमांक [क्रमांक] आहे.
>
> २. करनिर्धारण वर्ष २०२१-२२ चा स्वयंनिर्धारण कर मी वरील चलनाने विवरणपत्रासोबतच भरला आहे. चलन भरताना माझ्याकडून करनिर्धारण वर्ष २०२१-२२ ऐवजी २०२०-२१ निवडले गेले. त्यामुळे ही रक्कम करनिर्धारण वर्ष २०२०-२१ च्या फॉर्म २६एएस मध्ये दिसते आणि करनिर्धारण वर्ष २०२१-२२ मध्ये तिची जमा मिळालेली नाही.
>
> ३. करनिर्धारण वर्ष २०२०-२१ च्या विवरणपत्रात मी या चलनाची जमा मागितलेली नाही आणि यापुढेही मागणार नाही.
>
> ४. तरी विनंती की, (अ) सदर चलनावरील करनिर्धारण वर्ष २०२१-२२ असे दुरुस्त करावे. (आ) करनिर्धारण वर्ष २०२१-२२ च्या सूचनेत कलम १५४ अन्वये दुरुस्ती करून मागणी रद्द करावी. (इ) मागणी शिल्लक नसल्याचे केंद्रीय प्रक्रिया केंद्रास कळवून करनिर्धारण वर्ष २०२४-२५ चा परतावा कलम २४४ए अन्वये देय व्याजासह मुक्त करावा.
>
> आपला विश्वासू,
> [नाव, सही, पत्ता, नोंदणीकृत मोबाइल व ई-मेल]
> दि. ६ जानेवारी २०२५

तिसरा परिच्छेद छोटा असला तरी वगळू नये. दुरुस्ती केल्यावर तोच पैसा दुसऱ्या वर्षात पुन्हा मागितला जाईल का, हा अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो. काही वेळा वेगळे हमीपत्रही मागतात, ते मागितल्यावर द्यावे.

विनंतीचे तीन भाग याच क्रमाने हवेत. चलन दुरुस्त झाल्याशिवाय मागणी हटत नाही आणि मागणी हटल्याशिवाय परतावा सुटत नाही. फक्त तिसरा भाग लिहिला, तर अधिकारी रास्तपणे म्हणू शकतो की परतावा बंगळुरूहून निघतो. चलनाचे वर्ष पोर्टलवरूनही बदलता येते, पण ती सोय पैसे भरल्यापासून ७ दिवसांपुरतीच असते. इतक्या जुन्या चलनासाठी अधिकाऱ्याकडेच जावे लागते.

इशारा: कलम १५४ खाली दुरुस्तीला मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षात आदेश किंवा सूचना निघाली, ते संपल्यापासून चार वर्षे. येथे २०२१-२२ ची सूचना १७ मार्च २०२२ ची होती, म्हणजे ही मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत होती. सूचनेवरील तारीख पाहून आपली मुदत आधी मोजावी.

## टप्पा ५: व्याजाचा आकडा मोजा, पण पत्रात कलम लिहा

कलम २४४ए खाली परताव्यावर दरमहा अर्धा टक्का सरळव्याज मिळते आणि महिन्याचा भागही पूर्ण महिना धरला जातो. कर कापलेला असेल आणि विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर मोजणी करनिर्धारण वर्षाच्या १ एप्रिलपासून होते. उशिरा भरले असेल तर भरल्याच्या तारखेपासून. व्याजासाठी रक्कम शंभराच्या पटीत खाली आणतात, म्हणून ३४,६२० रुपयांवर हिशेब ३४,६०० रुपयांचा होतो. महिन्याला १७३ रुपये, आणि परतावा जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाला तर दहा महिन्यांचे १,७३० रुपये. परतावा त्या वर्षाच्या ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल, तर व्याज मिळत नाही.

हा हिशेब स्वतःपुरता ठेवावा. करदात्यामुळे झालेला विलंब व्याजाच्या काळातून वगळता येतो आणि आपल्या प्रकरणात चलनाची चूक करदात्याची आहे. अशा वेळी पत्रात आग्रहाने १,७३० रुपये मागितले, तर मुख्य विनंती सोडून चर्चा व्याजाकडे वळते. "कलम २४४ए अन्वये देय व्याजासह" एवढेच शब्द पुरतात. मिळालेले व्याज, ज्या वर्षी मिळाले त्या वर्षाच्या विवरणपत्रात इतर उत्पन्नात दाखवावे लागते.

## टप्पा ६: दाखल करण्यापूर्वीचे वाचन आणि शिक्का

छापलेले पत्र दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि स्वतः मूळ कागदांवर बोट ठेवून प्रत्येक क्रमांक अंकाअंकाने जुळवावा. संगणकावरून चिकटवलेल्या क्रमांकातही एखादा अंक सुटलेला सापडतो. विषयात, संदर्भात आणि विनंतीत प्रत्येक ठिकाणी तेच करनिर्धारण वर्ष आहे का, हे शेवटी वेगळे तपासावे. आधार क्रमांक, पूर्ण बँक खाते क्रमांक, पासवर्ड किंवा ओटीपी पत्रात लिहू नये. बँक खाते पोर्टलवर प्रमाणित असले की पुरते.

पत्ता अंदाजाने लिहू नये. पुण्यात आयकर विभागाची कार्यालये एकाच इमारतीत नाहीत. साधू वासवानी रस्त्यावरील आयकर भवन आणि सॅलिसबरी पार्कातील बोधी टॉवर ही त्यांपैकी दोन. पोर्टलवरील `Know Your AO` मध्ये पॅन भरल्यावर आपला वॉर्ड, इमारत आणि अधिकाऱ्याचा कार्यालयीन ई-मेल दिसतो. नोकरीच्या काळात दुसऱ्या शहरात असलेल्यांचा पॅन अजूनही तेथल्याच वॉर्डाकडे असू शकतो, म्हणून हे पाहिल्याशिवाय निघू नये. अधिकारी बदलत असतात, तेव्हा पत्र पदनामाने लिहावे, व्यक्तीच्या नावाने नाही.

दोन प्रती न्याव्यात आणि त्यांना जोडलेल्या कागदांवर क्रमांक घालावेत. एक प्रत आवक खिडकीवर द्यावी आणि दुसरीवर तारखेसह आवक शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. शिक्का फक्त पहिल्या पानावर बसतो, म्हणून "सोबत" खाली जोडपत्रांची यादी पहिल्याच पानावर आली तर उत्तम. शिक्का मारलेल्या प्रतीचे छायाचित्र लगेच काढावे आणि तेच पत्र कार्यालयीन ई-मेलवरही पाठवावे.

महिनाभर हालचाल दिसली नाही, तर पोर्टलवरील `Grievances` मधून तक्रार नोंदवावी. तिथे सगळी कथा पुन्हा लिहिण्याची गरज नाही. दोन्ही करनिर्धारण वर्षे, दोन्ही पोच क्रमांक, पत्राचा आवक क्रमांक व तारीख आणि चौथ्या परिच्छेदातील तीन विनंत्या एवढेच लिहून शिक्क्याची प्रत जोडावी. मागणी हटली की नाही हे `Response to Outstanding Demand` मध्ये दर आठवड्याला पाहावे. ती तेथून गेली आणि तरीही परतावा आला नाही, तर वॉर्डातील काम झाले आहे आणि पुढची तक्रार बंगळुरूच्या केंद्राच्या नावाने करावी.